सहा जणं, एक परिच्छेद आणि एकतीस खाने: ऑगस्टचा मस्टर कसा भरला

डिचोलीच्या बाजूला एक छोटं काजूचं युनिट आहे, नाव नको, त्यांचे पगाराचे कागद मी बघते. सगळे मिळून बावीस कामगार, त्यातल्या सोलणी आणि कटिंगच्या सहा जणांची हजेरी सुपरवायझर मावशी बघतात. त्या रोज मस्टर भरत नाहीत, डोक्यात ठेवतात, आणि महिना संपला की व्हॉट्सॅपवर एक परिच्छेद पाठवतात. मग त्या परिच्छेदाचा तक्ता करायचा, एका बाजूला नावं, वर १ ते ३१, आणि प्रत्येक खान्यात हजर, गैरहजर नाहीतर रजा. ऐकायला वीस मिनिटांचं काम. २०२५ च्या ऑगस्टचा मला दीड दिवस लागला, कारण चवथ त्याच महिन्यात होती.

मावशींचा मेसेज जवळजवळ जसाच्या तसा देते, फक्त नावं बदललीयत:

"बाय, ऑगस्टची हजेरी. सुनिता ५ ते ८ नव्हती, पोराला ताप, सांगून गेलेली. प्रकाश तीन दिवस नाही १६ पासून. दुसरा प्रकाश १९ ला दुपारचा गेला विचारून. मनीषा ११ ला लागली, तिचा एकच खाडा २२ ला. रेखा १० ला रविवारी आलेली पॅकिंगला, तिला बदली सुट्टी १३ ला दिली. चवथीक सगळी २६ पासून गेली, रेखा आणि मनीषा होती. २९ ला चारच जणं आली. सुलोचना चवथ करून सोमवारी आली. बाकी सगळी रोज आली."

वाचलं की वाटतं सगळं आहे यात. मला पण वाटलं होतं.

माझ्या आधी ऑफिसातल्या नव्या पोराने हा तक्ता करून ठेवला होता. त्याने काय केलं, आधी सगळ्या खान्यांत ह टाकून मोकळा झाला आणि मग मेसेज वाचत वाचत जिथे नव्हते तिथे खोडत गेला. बरेच जण असंच करतात, पटकन होतं ना. पण त्यात रविवार पण ह झाले, ते नंतर आठवले तसे बदलले, त्यातला एक राहिलाच. मनीषाच्या १ ते १० तारखांना आठ गैरहजेऱ्या आणि दोन रविवार लागले, बिचारी कामालाच लागली नव्हती तेव्हा. आणि प्रकाशच्या १६, १७, १८ ला गै टाकले, त्यात १७ रविवार, आणि ते पण भलत्याच प्रकाशच्या रांगेत. गंमत म्हणजे प्रत्येक रांगेची बेरीज बरोब्बर ३१ येत होती. तो मला दाखवून म्हणाला, मॅडम टॅली झालं.

बेरीज ३१ येणं म्हणजे एवढंच की एकही खाना रिकामा नाही आणि एकही खूण चुकीच्या स्पेलिंगने टाइप झालेली नाही. खूण बरोबर माणसाच्या नावापुढे आहे का, बरोबर तारखेला आहे का, ते ३१ काही सांगत नाही. म्हणून मी तो तक्ता बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून भरला, पण उलट्या क्रमाने, म्हणजे जे परिच्छेदात नाही ते आधी.

पहिलं कॅलेंडर. १ ऑगस्ट शुक्रवार, म्हणून रविवार ३, १०, १७, २४, ३१ असे पाच. सुट्ट्या युनिटच्या यादीप्रमाणे तीन, १५ ऑगस्ट, आणि २७ व २८ चवथीच्या. म्हणजे कामाचे दिवस २३. हे भरताना परिच्छेदाकडे बघायचंच नाही, कारण परिच्छेद लिहिणारा माणूस रविवार कधी लिहीत नाही, तो धरूनच चालतो. शीटमध्ये वरच्या ओळीत नुसते १, २, ३ न टाकता खरी तारीख टाकली की रविवार आपोआप येतात. पहिल्या खान्यात तारीख अशी दिली, म्हणजे १/८ ला आठ जानेवारी समजायचा घोटाळा होत नाही, आणि पुढच्या खान्यात `=C1+1` ओढत नेलं:

```
=DATE(2025,8,1)
=IF(WEEKDAY(C$1)=1,"सा","")
```

दुसरी ओळ खाली सगळ्यांच्या रांगेत ओढायची, रविवारी सा, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, येतं, बाकी रिकामं. मग ते कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करायच्या, नाहीतर पुढे हाताने खूण टाकताना फॉर्म्युला मोडतो आणि कुठला खाना हाताने भरलाय कुठला नाही तेच कळेनासं होतं.

दुसरं, कोण कधीपासून कधीपर्यंत कामावर आहे ते. मनीषा ११ ला लागली, म्हणून १ ते १० आडवी रेघ. गै नाही, रजा नाही आणि रविवार पण नाही, नुसती रेघ. हे क्षुल्लक वाटतं पण पुढे वर्षभराच्या रजेचा हिशोब काढताना याच तक्त्याचे खाने मोजले जातात, तेव्हा लागायच्या आधीच्या आठ गैरहजेऱ्या तिच्या नावावर दिसल्या तर कोण कोणाला समजावणार.

आणि तिसऱ्या पायरीला परिच्छेद. इथे पण ह आधी टाकायचा नाही. आधी फक्त जे स्पष्ट लिहिलंय तेवढं भरायचं, जे नक्की नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्या रिकाम्या खान्यांत ह, ते सुद्धा मावशींनी "बाकी सगळी रोज आली" असं लिहिलंय म्हणून. ते एक वाक्य नसतं तर मला ह टाकायचा हक्कच नव्हता. पोराच्या पद्धतीत आणि यात फरक हाच, त्याच्या तक्त्यात शंका असलेला खाना आणि खात्रीचा खाना दोन्ही ह दिसत होते, माझ्यात शंका डोळ्यांसमोर राहिली.

खुणा आधीच ठरवून घेतल्या: ह हजर, गै गैरहजर, र रजा, सा रविवार, सु युनिटची सुट्टी, ब बदली सुट्टी, ½ अर्धा दिवस. अर्ध्या दिवसाला आधी मी नुसता अ लावायचे, एकदा मालकांनी तो अनुपस्थित म्हणून वाचला, तेव्हापासून बंद. आणि 1/2 टाइप करायला जाऊ नका, शीट त्याची लगेच तारीख करून टाकते, ते एकच ½ चिन्ह कुठून तरी कॉपी करून पेस्ट करावं लागतं.

आता प्रश्नचिन्हं. मोजली तर पंधराच्या वर खाने झाले.

सुनिताचं ५ ते ८. मराठीत ५ ते ८ म्हटलं की चार दिवस, मी पण चारच धरले असते. पण या युनिटमध्ये सोलणाऱ्या बायकांचं रोजचं वजन एका वहीत लिहितात, कोणी किती किलो सोलले ते, आणि ती वही मी फोटो काढून मागवली होती. त्यात सुनितापुढे ८ तारखेला नऊ किलो. मावशींना फोन लावला तर म्हणाल्या, "अगो, ८ ला आली ना ती, ८ पर्यंत नव्हती असं म्हटलं मी." म्हणजे रजा ५, ६, ७ तीनच दिवस. एक दिवसाचा पगार त्या एका "ते" वर लटकला होता, आणि वजनाची वही नसती तर मला शंका यायचं कारणच नव्हतं, वाक्य इतकं सरळ होतं.

दोन प्रकाश. एक मोठा, एक धाकटा, दोघे कटिंग मशीनवर, आणि मशीनवाल्यांचं वजन वहीत चढत नाही, त्यामुळे इथे ताळा लावायला काहीच नाही, विचारणं हाच उपाय. मावशींच्या डोक्यात नुसता "प्रकाश" म्हणजे मोठा, कारण तो जुना. पोराने धाकटा धरला कारण मस्टरवर त्याचं नाव आधी येतं. दोन्ही बरोबरच, पण एकाचाच पगार कापायचा आहे. आणि "तीन दिवस १६ पासून", १६ शनिवार, १७ रविवार. तीन दिवस म्हणजे १६, १७, १८ की कामाचे तीन, १६, १८, १९? मावशी म्हणाल्या बुधवारी आला, म्हणजे २० ला. म्हणून १६, १८, १९. सांगून गेलेला का? "खंय सांगून, फोन पण बंद." मग गै.

हा सांगून गेला की न सांगता हा प्रश्न प्रत्येक "नव्हता"च्या मागे विचारावाच लागतो. परिच्छेदात "नाही आला" एवढंच येतं पण तक्त्याला दोन वेगळ्या खुणा पाहिजेत. मी मावशींना एकच विचारते, आधी विचारलेलं का आणि तुम्ही किंवा मालकांनी हो म्हटलेलं का. दोन्ही हो असेल तर र, नाहीतर गै. नंतर येऊन कारण सांगितलं तर ते मालकांनी ठरवायचं, मी मनाने गै चा र करत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. मनीषाच्या २२ ला मावशींनी खाडा लिहिलंय, आणि खाडा म्हटलं की त्यांच्या बोलण्यात न सांगता, तरी मी विचारून घेतलं. हो, न सांगताच.

रेखाचं प्रकरण साधं, पण पोराने तिथे पण एक गडबड केली होती, १० ला सा तसाच ठेवून १३ ला र टाकला. म्हणजे बाई रविवारी राबली त्याची नोंदच नाही आणि वर तिच्या खात्यातली एक रजा गेली. १० ला ह, १३ ला ब, दोन्ही खाने दिसले पाहिजेत तरच अदलाबदल कळते. तसं तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात रविवारी काम घेतलं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण सुट्टी द्यायची असं कलम ५२ मध्ये होतं, १३ म्हणजे बरोबर तिसरा दिवस, जेमतेम बसलं. १४ ला दिली असती तर तक्ता बघून कोणीही बोट ठेवलं असतं.

आणि मग चवथ. गोव्यात चवथीचा आठवडा म्हणजे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको, माटोळीचं सामान, गावचं घर, बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि पाऊस आहेच. मावशींच्या परिच्छेदातला सगळ्यात पातळ भाग तोच. "सगळी २६ पासून गेली" म्हणजे कधीपर्यंत? "२९ ला चारच आली", कुठली चार? ३० चा तर उल्लेखच नाही. "सोमवारी आली", तो सोमवार म्हणजे १ सप्टेंबर, या महिन्याबाहेरचा.

एकेक सोडवलं. २६ ला रेखा आणि मनीषा हजर, बाकी चौघे नाहीत, चौघांनी आधी विचारलेलं, मालकांनी हो म्हटलेलं, चार र. सुलोचना सोमवारी आली म्हणजे २९ आणि ३० पण नव्हती, ती सुट्टी तिने एकदमच मागून घेतली होती, र. मग २९ ला सहातले चार आले तर सुलोचना सोडून अजून एक नाही. वजनाच्या वहीत २९ ला रेखा आणि मनीषाचे आकडे आहेत, सुनिताचा नाही, म्हणजे न आलेली दुसरी सुनिता, आणि मग दोन्ही प्रकाश आलेच असणार, तेव्हाच चार होतात. मावशींना विचारलं तर आठवून म्हणाल्या हो, सुनिता ३० ला आली, २९ चं काही बोलली नव्हती. ३० ला वहीत तिचा आकडा आहे. २९ गै, ३० ह.

शेवटचा आठवडा असा झाला:

| नाव | २५ | २६ | २७ | २८ | २९ | ३० | ३१ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| धाकटा प्रकाश | ह | र | सु | सु | ह | ह | सा |
| मोठा प्रकाश | ह | र | सु | सु | ह | ह | सा |
| सुनिता | ह | र | सु | सु | गै | ह | सा |
| सुलोचना | ह | र | सु | सु | र | र | सा |
| रेखा | ह | ह | सु | सु | ह | ह | सा |
| मनीषा | ह | ह | सु | सु | ह | ह | सा |

सुलोचनाची रांग बघितली की कोणीतरी विचारतंच, २६ ते ३० सलग बाहेर, मग मधल्या २७, २८ पण रजेतच धरायच्या का, आणि सुनिता २६ ला रजेवर, २९ ला गैरहजर, तिच्या मधल्या सुट्ट्यांचं काय. युनिटचा नियम काय असेल तो असो, तो पगाराच्या शीटवर लावायचा. मस्टरमध्ये त्या दिवशी युनिट बंद होतं, म्हणून सु. इथेच सु चा गै करून टाकला तर नंतर कोणालाच कळणार नाही की खाडा खरा होता की नियमाने लावलेला.

मग बेरजा. नावं B मध्ये, तारखा C पासून AG पर्यंत, माणसं ३ ते ८ ओळींत. एका माणसाचे हजर दिवस असे:

```
=COUNTIF(C3:AG3,"ह")+COUNTIF(C3:AG3,"½")/2
```

बाकीच्या खुणांना तसंच एकेक COUNTIF, आणि शेवटच्या रकान्यात सगळ्या खुणांच्या खान्यांची बेरीज, रेघा धरून, ती ३१ यायला पाहिजे. तिथे ½ एक पूर्ण खाना धरायचा, अर्धा नाही, नाहीतर साडेतीस येतं आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. मोबाईलवरून भरलं असेल तर कीबोर्ड कधीकधी शब्दानंतर आपोआप स्पेस देतो, "ह" आणि "ह स्पेस" डोळ्याला सारखेच दिसतात पण COUNTIF त्याला मोजत नाही. असा खाना सापडतो तो या ३१ मुळेच, म्हणून COUNTA वापरू नये, तो काहीही असलेला खाना मोजतो आणि ३१ च दाखवतो.

आकडे असे आले. रेखा ह २३, सा ४, ब १, सु ३. सुनिता ह १८, र ४, गै १. मोठा प्रकाश ह १९, र १, गै ३. धाकटा साडेएकवीस दिवस आणि एक र. सुलोचना ह २०, र ३. मनीषा ह १४, गै १, रेघा १०. सगळ्यांचं ३१.

पण माझा भरवसा आडव्या बेरजेपेक्षा उभ्यावर जास्त. २९ चा रकाना AE मध्ये येतो:

```
=COUNTIF(AE3:AE8,"ह")
```

४ आलं. मावशींनी "चारच आली" लिहिलेलं. २६ ला २, रेखा आणि मनीषा. परिच्छेदात एका दिवसाची माणसं मोजून सांगितली असतील तर तो आकडा सोन्यासारखा, कारण तो नावांवरून काढलेला नसतो, त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेला असतो. पोराच्या तक्त्यात २९ ला पाच येत होते, उभी बेरीज मारली असती तर त्याला तिथेच थांबावं लागलं असतं.

तरी चुकीच्या प्रकाशला उभी बेरीज पकडत नाही. गै धाकट्याच्या रांगेत गेला काय, मोठ्याच्या गेला काय, त्या दिवसाचे हजर तेवढेच. त्याला एकच औषध, तक्त्यावरून परत वाक्यं करायची आणि ज्याने परिच्छेद लिहिला त्याला वाचून दाखवायची. मूळ मेसेज समोर न घेता, नुसत्या खुणा बघून. मी मावशींना फोनवर वाचलं, "मोठा प्रकाश १६, १८, १९ न सांगता नव्हता, २६ ला रजा, बाकी रोज. धाकटा १९ ला दुपारी विचारून गेला, २६ ला रजा, बाकी रोज." हो, हो, हो. सुनिता झाली, सुलोचना झाली.

रेखावर अडल्या. मी म्हटलं १३ ला बदली सुट्टी, तर म्हणाल्या, "१३ ला आली होती गो ती."

माझ्या पोटात गोळा. परत सगळं बदलायचं, १० चा ह तर राहीलच पण ब कुठे टाकायचा, आणि तीन दिवसांचा हिशोब पण गेला. मावशी, काम केलं का तिने त्या दिवशी, किती वाजता आली, किती वाजता गेली?

"काम खंय? गोदामाची चावी तिच्याकडे राहिलेली, ती देऊन चाय पिऊन गेली."

वजनाच्या वहीत १३ ला रेखापुढे काही नव्हतं. ब तसाच ठेवला, शेऱ्याच्या रकान्यात "१० रविवारच्या कामाची बदली, १३ ला काम नाही" एवढं लिहिलं आणि आडव्या कागदावर प्रिंट काढून मावशींच्या सहीला पाठवला.